मुलीने खोलीत सांगितलेलं कोर्टाला किती सांगायचं?

*मॅडम, नमस्कार. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. नऊ वर्षांची एक मुलगी सात महिन्यांपासून माझ्याकडे उपचारांसाठी येते. सकाळी पोट दुखतं, शाळेला जायचं नसतं. आई घेऊन येते. वडिलांना मी कधीच भेटलेले नाही. आईवडील वेगळे राहतात, ताब्याचा अर्ज चालू आहे. आता कौटुंबिक न्यायालयाचं पत्र आलंय : ‘सदर अज्ञान मुलीची कोणाजवळ राहण्याची इच्छा आहे याबाबत आपला अभिप्राय पंधरा दिवसांत सादर करावा.’ मुलगी मला एकदा म्हणाली होती, ‘मला आईजवळच राहायचंय, पण बाबांना सांगू नका, ते रडतात.’ आई रोज फोन करते की तुम्हाला माहितीच आहे, तेवढं लिहून द्या. मी हे लिहू शकते का? नाही म्हटलं तर कोर्टाचा अवमान होईल का? आणि लिहिलं, तर त्या मुलीला काय तोंड दाखवू?*

— एक वाचक, नाशिक

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्याच्याकडे जरा वळसा घेऊन येते. आधी तो कागद पाहू.

त्यावर सही-शिक्का कोणाचा आहे? न्यायालयाचा असेल, प्रकरणाचा क्रमांक असेल, तर तो आदेश आहे आणि त्याला मुदतीत उत्तर द्यायलाच हवं. पण पुष्कळदा असं होतं की पत्र एका बाजूच्या वकिलाचं असतं, त्यात ‘मा. न्यायालयासमोर सादर करण्यासाठी’ असे शब्द असतात आणि आपण घाबरून तो कोर्टाचाच हुकूम समजतो. वकिलाच्या पत्राने तुम्हाला काहीही लिहून देण्याचं बंधन येत नाही. तिसरी शक्यता साक्षीच्या समन्सची. ते आलं तर ठरल्या तारखेला हजर राहावंच लागतं. तुमचं पत्र खरोखर न्यायालयाचं आहे असं धरून पुढे लिहिते.

उत्तर द्यायलाच हवं, पण विचारलेलं सगळं सांगायलाच हवं असं नाही. पत्र कपाटात ठेवून गप्प बसलात तर मात्र अडचणीत याल. ‘मी या मुलीवर उपचार करते, त्यामुळे अमुक गोष्ट मला सांगता येणार नाही, याची कारणं अशी’ असं मुदतीत, नीट, आदराने लिहून कळवणं हा अवमान नव्हे. न्यायाधीशांना हवं असतं उपयोगी पडेल असं काहीतरी. तुम्ही कोण आहात, उपचार करणाऱ्या की तपासणी करणाऱ्या, हे त्यांना कित्येकदा माहीतही नसतं. अर्जात तुमचं नाव आलं, म्हणून तुम्हाला विचारलं गेलं, इतकंच.

आता त्या एका वाक्यातल्या प्रश्नाकडे या. ‘मुलीची इच्छा काय’ या शब्दांमागे तीन वेगळे प्रश्न आहेत. मूल काय म्हणालं, हा पहिला. ते म्हणणं तिचं स्वतःचं, समजून-उमजून केलेलं आहे का, हा दुसरा. आणि मूल कोणाकडे द्यावं, हा तिसरा, जो कोणी उघड विचारत नाही पण तुमच्या उत्तरातून शोधला जातो. उपचार करणारी म्हणून तुमच्या हातात फक्त पहिल्याचा काही भाग आहे. दुसऱ्यासाठी स्वतंत्र तपासणी लागते. तिसरा आपल्यापैकी कोणाचाच नाही, तो न्यायाधीशांचा.

कायद्यानेही ही वाटणी केलेली आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १७ मध्ये म्हटलंय की अज्ञान मूल समजून पसंती ठरवण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. ‘घेऊ शकतं’ हे शब्द लक्षात ठेवा. मुलाने सांगितलं म्हणून तसंच करायचं, असं तिथे नाही. वयाचा आकडाही कायद्याने दिलेला नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असं आहे, पण ती पसंतीची गोष्ट नव्हे, आणि त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलंय. म्हणजे तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पसंतीला किती वजन द्यायचं, हे तिच्याकडे आणि बाकीच्या सगळ्या परिस्थितीकडे पाहून न्यायालयाने ठरवायचं. तुम्ही ‘मुलीची इच्छा आईजवळ राहण्याची आहे’ एवढंच लिहून पाठवलंत, तर त्या वजनाचा निर्णयही नकळत तुम्हीच केलेला असतो.

उपचार करणारीने हे का करू नये, याचं कारण नुसतं आचारसंहितेत लिहिलंय म्हणून नाही. तुम्ही सात महिने त्या मुलीच्या बाजूने बसला आहात. ती म्हणते ते खरं की खोटं हे पडताळणं तुमचं काम नव्हतंच; तिचं पोट का दुखतं हे समजून तिला शाळेत जाता यावं, हे काम होतं. त्यासाठी तिचं म्हणणं जसं येतं तसं घ्यावं लागतं. ताब्याची तपासणी करणारा माणूस नेमकं उलट करतो. तो दोन्ही पालकांना भेटतो, मुलाला दोघांसोबत वेगवेगळं पाहतो, शाळेशी बोलतो, एकाचं सांगणं दुसऱ्याच्या सांगण्यावर घासून बघतो. तो कोणाचाच थेरपिस्ट नसतो. ही दोन कामं एकाच माणसाने एकाच मुलासाठी केली की दोन्ही बिघडतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या ताबा-तपासणीच्या मार्गदर्शक सूत्रांतही हाच आग्रह आहे, आणि ज्याची पुरेशी तपासणी केलेली नाही त्याच्याविषयी मत देऊ नये हाही. तुम्ही वडिलांना भेटलेल्याच नाही. त्यांच्याबद्दल तुमच्या फाइलमध्ये जे आहे ते सगळं आईच्या आणि मुलीच्या तोंडून आलेलं आहे. उलटतपासणीत वडिलांच्या वकिलांचा पहिला प्रश्न हाच असेल, आणि तो प्रश्न योग्य असेल.

‘इच्छा’ किती फसवी असू शकते, हे एका मुलावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. काही वर्षांपूर्वी एका न्यायालयाने मला तपासणीसाठी नेमलं होतं. मुलगा आठ वर्षांचा. पहिल्यांदा आईने आणलं. बसल्या बसल्या म्हणाला, ‘मला बाबांकडे जायचं नाही. ते माझं मानसिक शोषण करतात.’ मी म्हटलं, ‘असं शेवटचं कधी झालं ते मला सुरुवातीपासून सांग.’ तो थांबला. छताकडे बघितलं आणि म्हणाला, ‘ते आई सांगेल.’

दहा दिवसांनी मी वडिलांना त्याला आणायला सांगितलं. हे मुद्दाम करायचं असतं. मूल कोणाचा हात धरून दारात आलं यावर बोलणं किती बदलतं, हे त्याशिवाय कळत नाही. या वेळी हातात नवीन रिमोटची गाडी होती आणि वाक्य होतं, ‘मला बाबांकडेच राहायचंय, आई मोबाइल देत नाही.’ दोन भेटी, दोन पसंती, आणि दोन्ही वेळा मी एक शब्दही विचारलेला नव्हता. यातली कुठलीही एक उचलून मी अहवालात लिहिली असती तर ती ‘मुलाच्या शब्दांत’च असती.

तिसऱ्या भेटीला मी मोठा कागद दिला आणि म्हटलं, तुझी दोन्ही घरं मला काढून दाखव, वरून दिसतात तशी. कोण आवडतं हा विषयच काढला नाही. आईचं घर भराभर काढलं. बाबांचं घर काढताना मागच्या गॅलरीपाशी पेन्सिल अडली. संडास गॅलरीच्या टोकाला. दिव्याचं बटण उंच, त्याचा हात पोचत नव्हता. रात्री लागली की बाबांना उठवायचं. बाबा उठायचे, पण कुरकुरायचे. म्हणून तो दाबून धरायचा. दोनदा गादी ओली झाली आणि सकाळी आत्या हसली. हे सगळं त्याने कागदावर बोट फिरवत, एका दमात, स्वतःच्या शब्दांत सांगितलं. कुठे ‘शोषण’ नव्हतं. एक अंधारी गॅलरी होती आणि आत्याचं हसणं होतं.

‘बाबांकडे जायचं नाही’ याचा अर्थ ‘बाबांकडे रात्री राहायचं नाही’ असा होता. बाबांसोबत दिवसभर तो खुशीत असायचा, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. मी अहवालात गॅलरी, बटण आणि ओली गादी लिहिली, त्याच्याच शब्दांत. कोण हवं आहे हे लिहिलं नाही, कारण तसं त्याने सांगितलंच नव्हतं. निघताना तो मला विचारत होता, ‘दोन्हीकडे राहता येत नाही का?’ तेही मी लिहिलं. न्यायाधीशांनी रात्रीचा मुक्काम काही काळ पुढे ढकलला, दिवसाच्या भेटी चालू ठेवल्या, आणि वडिलांनी खाली एक बटण बसवून घेतलं.

तुमच्या मुलीच्या वाक्याकडे आता या दृष्टीने बघा. ‘मला आईजवळच राहायचंय, पण बाबांना सांगू नका, ते रडतात.’ आईला यातला पहिला अर्धा भाग हवा आहे. पण दुसरा अर्धा भाग वडिलांविषयी आहे, आणि त्यात राग नाही, काळजी आहे. मुलीने बाबांना रडताना पाहिलंय. त्यांचं रडणं थांबवणं ही तिला आपली जबाबदारी वाटतेय. कदाचित सकाळी दुखणाऱ्या पोटाचा याच्याशी संबंध असेल; ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण पहिला अर्धा भाग तोडून कोर्टात पाठवला, तर ते तिचं वाक्य राहत नाही.

आणि ते वाक्य कसं आलं, हेही तुमच्या नोंदीत बघा. तुम्ही विचारलं होतं का? कशाच्या आधी, कशाच्या नंतर? वडिलांशी भेट होऊन दोनच दिवस झाले होते का? आई बाहेर बसलेली होती, आणि दाराबाहेर आवाज जातो का? सात महिन्यांत ती हे एकदाच म्हणाली की पुन्हा पुन्हा? शब्द तिच्या वयाचे होते की मोठ्यांचे? एकदा, न विचारता, खेळताना निघालेलं वाक्य आणि ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ याला दिलेलं उत्तर यांत फार फरक आहे. मुलं मोठ्यांना हवं ते उत्तर देतात. तोच प्रश्न पुन्हा विचारला की पहिलं उत्तर चुकलं असावं असं समजून ते बदलतात. म्हणून एक विनंती आहे : पत्र आलं म्हणून पुढच्या भेटीत हा प्रश्न तिला अजिबात विचारू नका. ‘कोर्टाला कळवायचंय, एकदा खात्री करून घेते’ असं वाटेल. तो मोह टाळा. त्या क्षणी ती खोली उपचारांची राहणार नाही, आणि आईबापांमधून एक निवडायला लावणाऱ्यांत तुमची भर पडेल.

चाचण्यांविषयी थोडंच. कुटुंबाचं चित्र काढायला लावून, बाबा लहान काढले म्हणून नावडते, असा निष्कर्ष काही अहवालांत दिसतो. कागद संपत आला होता म्हणून बाबा लहान झाले असतील. मुलाने कोणत्या पालकाकडे राहावं हे सांगणारी मानसशास्त्रीय चाचणी नाही. घराचा आराखडा मी वर काढून घेतला तो बोलणं सुरू व्हावं म्हणून. चित्रातून मी काहीही ‘वाचलं’ नाही.

वडिलांच्या बाजूने ‘आईने मुलीला फितवलंय’ असा मुद्दा येण्याची शक्यता आहे. त्यासाठी इंग्रजीतलं एक भारदस्त नावही वापरलं जातं. ते निदान म्हणून मानसिक आजारांच्या प्रमाण वर्गीकरणात नाही. मे २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की तसं प्रत्यक्ष वागणं दाखवल्याशिवाय एखाद्या पालकावर हा शिक्का घाईने मारू नये. तुमच्याकडून असा शब्द ना आईविषयी जायला हवा, ना वडिलांविषयी.

तर उत्तरात काय लिहायचं? मी असं लिहीन :

‘सदर मुलगी अमुक तारखेपासून माझ्याकडे शाळेत जाण्याची भीती व पोटदुखी यांसाठी उपचार घेत आहे. आजवर इतक्या भेटी झाल्या. प्रत्येक वेळी तिला आईने आणले. वडिलांची व माझी भेट झालेली नाही. माझी भूमिका उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची आहे; ताब्याच्या दृष्टीने मी तपासणी केलेली नाही. त्यामुळे मुलीची पसंती काय आहे, ती स्वतंत्र आहे का, अथवा तिचे हित कोणाजवळ राहण्यात आहे, याविषयी अभिप्राय देणे माझ्या भूमिकेच्या मर्यादेबाहेर आहे. असा अभिप्राय दिल्यास चालू उपचारांनाही बाधा येईल. मा. न्यायालयास आवश्यक वाटल्यास न्यायालयाच्या समुपदेशकांमार्फत अथवा स्वतंत्र तज्ज्ञामार्फत तपासणी व्हावी, किंवा मा. न्यायाधीशांनी मुलीशी स्वतः चेंबरमध्ये बोलावे, अशी नम्र विनंती. उपचारांच्या प्रगतीविषयी माहिती हवी असल्यास ती कोणत्या मुद्द्यांवर हवी हे कळवावे.’

तपासणीच्या या विनंतीला आधार आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद कलम ६ मध्ये आहे आणि वैद्यकीय किंवा कुटुंबकल्याण क्षेत्रातल्या तज्ज्ञाची मदत घेण्याचा अधिकार कलम १२ मध्ये. म्हणजे तुम्ही न्यायालयाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, पुढची वाट दाखवता. याच कायद्याच्या कलम १४ मुळे, एरवीच्या पुराव्याच्या नियमांत न बसणारा अहवाल किंवा निवेदनसुद्धा न्यायालय विचारात घेऊ शकतं. म्हणून आईच्या हातात दिलेली साधी चार ओळींची चिठ्ठीही ‘साधी’ राहत नाही. लेटरहेडवरची ती चिठ्ठी सहा महिन्यांनी फाइलमध्ये तुमचा तज्ज्ञ अभिप्राय म्हणून लावलेली सापडेल. उत्तर थेट न्यायालयाच्या कार्यालयात, प्रकरण क्रमांक घालून, बंद लिफाफ्यात द्या आणि पोच घ्या. आईच्या किंवा वकिलाच्या हाती देऊ नका.

तरीही न्यायालय म्हणालं की तुम्हाला माहीत आहे ते सांगाच, तर? मग सांगावं लागेल. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला जे कायदेशीर संरक्षण आहे, तसं आपल्याला नाही. उपचारांतली गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मान्य केली आहे, पण सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशापुढे ती थांबते. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ताब्याच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की मध्यस्थीतल्या बोलण्याला एरवी असलेली गुप्तता मुलाच्या ताब्याचा प्रश्न असताना आड येऊ शकत नाही. मुलाचं हित ठरवायला समुपदेशकाचा अहवाल न्यायालय पाहू शकतं. म्हणून कोणत्याही मुलाला ‘हे फक्त तुझ्यात-माझ्यात’ असं पूर्ण वचन आपण देऊच शकत नाही.

सांगावंच लागलं तर वाक्य पूर्ण द्या, तारखेसह, संदर्भासह : ‘अमुक तारखेच्या भेटीत, वडिलांशी झालेल्या भेटीनंतर इतक्या दिवसांनी, मी न विचारता, खेळताना मुलगी म्हणाली : …’ आणि लगेच खाली : ‘हे विधान एकदाच आले. ते मी पडताळलेले नाही. वडिलांसोबत मुलीला मी पाहिलेले नाही. या विधानावरून तिची स्थिर पसंती सांगता येणार नाही.’ हे उघड झालं तर मुलीला वडिलांपुढे अवघडल्यासारखं होईल, सबब अहवालाचा हा भाग पक्षकारांना द्यायचा की नाही याचा विचार व्हावा, अशी विनंतीही त्यातच करा. ती मान्य होईलच याची खात्री नाही, म्हणून दोन्ही पालक शब्द न् शब्द वाचणार आहेत असं धरूनच लिहा. ‘मुलगी आईशी जास्त जोडलेली आहे’, ‘वडिलांविषयी ओलावा कमी आहे’ अशी वाक्यं गाळा. निरीक्षणासारखी दिसली तरी ती निवाडा करतात.

जुन्या नोंदींना हात लावू नका. अक्षर वाईट असेल, एखादं मत घाईत लिहिलेलं असेल, तरी तसंच राहू द्या. पत्र आल्यानंतर ‘स्वच्छ’ केलेली वही उलटतपासणीत लगेच उघडी पडते, आणि मग तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेरची आहे. मुलीच्या बोलण्यात लैंगिक अत्याचाराचं काही आलं असेल, दोन्हीपैकी कोणत्याही घरातलं, तर ते ताब्याच्या अहवालासाठी राखून ठेवता येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि ताब्याचा वाद चालू आहे म्हणून यात सूट नाही. ताब्याच्या भांडणात असे आरोप कधी खोटे असतात, कधी खरे. ते ठरवणं तुमचं काम नाही. मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहा, खोदून विचारू नका, कळवा.

आता आईचे फोन. तिच्यावर रागावू नका. मूल हातातून जाईल या धास्तीने माणूस काय काय करतो, ते मी रोज बघते. पण तिला एकदाच, स्पष्ट सांगा : ‘ताई, मी कोर्टाला थेट लिहिणार आहे. मी तुमच्या मुलीची थेरपिस्ट आहे, तुमची साक्षीदार नाही. मी तुमच्या बाजूने लिहिलं तर उद्या तिच्या बाबांना माझ्यावर विश्वास ठेवता येणार नाही, आणि तेही तिचे पालक आहेत. मग ते तिला माझ्याकडे यायला विरोध करतील.’ व्हॉट्सअॅपवर या विषयाचं काहीही लिहू नका, आलेल्या निरोपांना ‘भेटीत बोलू’ एवढंच उत्तर द्या. तिच्या वकिलांशी फोनवर बोलू नका. आणि सात महिने वडिलांना उपचारांची कल्पना नसेल, तर ही उणीव आता भरून काढा. तेही कायद्याने मुलीचे पालक आहेत. मुलगी कशासाठी येते एवढं त्यांना लेखी कळवा, आणि ते कळवणार असल्याचं आईला आधी सांगा. हे पत्र येण्याआधीच व्हायला हवं होतं; न्यायालयाला उत्तर देताना तेही लपवू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तिला तोंड दाखवायचंय ते उत्तर पाठवण्याच्या आधी. पुढच्या भेटीत, सुरुवातीलाच, खेळ मांडण्यापूर्वी तिला सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत :

‘आई आणि बाबा कोर्टात गेलेत, ते तुला माहीत आहे. तिथल्या जजनी मला पत्र पाठवून विचारलंय, की तुला कोणाकडे राहायचंय ते सांगा. मी त्यांना लिहितेय, की मी तुझ्या पोटदुखीसाठी तुला भेटते, आणि हे ठरवायचं काम माझं नाही, तुझंही नाही. ते मोठ्यांचं काम आहे. जज कधी तुझ्याशी बोलले, तर तुला वाटेल ते सांग. माहीत नाही म्हटलंस तरी चालेल, सांगायचं नाही म्हटलंस तरी चालेल. आणि एक गोष्ट मी तुला आधीच सांगायला हवी होती. तू मला सांगतेस ते मी उगाच कोणाला सांगत नाही. पण कधी जजनी सांगितलं की सांगाच, किंवा तुला कोणी त्रास देत असेल, तर मला सांगावं लागतं. तसं झालं तर मी आधी तुला सांगेन.’

ती गप्प राहील. कदाचित विचारेल, ‘मग मी ते म्हणाले होते ते?’ तेव्हा खरं सांगा. अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली तर ‘बाबांना सांगू नका, ते रडतात’ हेही त्यात असेल, नुसतं आईजवळ राहायचंय एवढंच नसेल. मग तिला विचारा, बाबा रडतात तेव्हा ती काय करते. हा प्रश्न कोर्टासाठी नाही. तिचं उत्तर तुमच्या उपचारांच्या वहीत जाईल, आणि तिची सकाळची पोटदुखी समजून घ्यायला कामी येईल.